सातबारा कोरा व्हायचा आहे आणि रजिस्ट्री तीन दिवसांवर

प्रश्न: वावर विकलं आहे, इसार घेतला आहे. कर्ज भरलं पण बँकेचे कागद वेळेत होत नाहीत, रजिस्ट्रीची तारीख जवळ आली. घेणाऱ्याला तीन-चार आठवडे वाढवून मागायचे आहेत. मेसेज कसा लिहू म्हणजे तो बिथरणार नाही?

बिथरेलच. प्रश्न वाचून मला माझा 2024 चा एप्रिल आठवला, म्हणून लिहायला बसलो. थोडं लांबेल.

आमचं आठ एकर वावर, यवतमाळ जिल्ह्यात. त्यातलं तीन एकर रस्त्याच्या कडेचं शेजारगावच्या गुरुजींना दिलं. 5 मार्चला इसारचिठ्ठी झाली, चार लाख इसार, रजिस्ट्री 30 एप्रिलच्या आत, आणि नेहमीचं कलम: विकणाऱ्यानं मुदतीत विक्री करून दिली नाही तर इसार दुप्पट परत. पीककर्जाचा बोजा आठही एकरांवर होता, त्यामुळे तीन एकर मोकळं करायला सगळं खातं बंद करणं भाग होतं. इसाराच्या पैशातूनच ते करायचं, हे गुरुजींना ठाऊक होतं.

बँकेनं 3 एप्रिलला बाकीचा आकडा लिहून दिला, 2,40,000. पैशाची जुळवाजुळव होऊन मी भरले 12 तारखेला. पावती घेतली, चहा पिऊन घरी. आता 2,40,000 वर 7 टक्क्यांनी दिवसाला साधारण 46 रुपये व्याज चढतं. आकडा 3 तारखेचा, भरणा 12 चा, मध्ये नऊ दिवस. 18 तारखेला कर्ज फिटल्याचा नील दाखला मागायला गेलो तर खात्यावर 414 रुपये शिल्लक! म्हणजे खातं बंदच झालेलं नाही, आणि सहा दिवस मी निवांत होतो. बँकेनंही फोन केला नाही, पण तो दोष मी त्यांना फार देत नाही. भरायच्या दिवशीच, त्याच टेबलावर, आजच्या तारखेचा आकडा मागायचा आणि खातं शून्य झालेलं पडद्यावर बघूनच उठायचं. हे मला कळायला हवं होतं, वय काही कमी नव्हतं.

नील दाखला 19 तारखेला मिळाला. बोजा कमी करा असं तलाठ्याच्या नावे पत्र 22 ला मिळालं. त्यात गट नंबर 87/2 च्या जागी 78/2. मी ते न वाचता घडी करून खिशात घातलं. तलाठी साहेब (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) निवडणुकीच्या कामात, कारण आमच्याकडे लोकसभेचं मतदान 26 एप्रिलला होतं. गर्दीतल्या गर्दीत त्यांनी पत्र पाहिलं आणि बोट ठेवलं, "हा गट तुमचा नाही." पुन्हा बँक, पुन्हा सही, पुन्हा शिक्का.

आता खरी चूक. 27 एप्रिलच्या संध्याकाळी आमचे जवाई, म्हणजे बहिणीचे यजमान, घरी होते. त्यांचं ठाम मत, "लेखी काही देऊ नका. लेखी दिलं का आपली चूक कबूल झाली, उद्या हाच कागद कोर्टात दाखवतीन." मी म्हटलं मग काय करू? ते म्हणाले, मोघम सांगा. मी मोघम पाठवलं:

"गुरुजी, बँकेचं काम थोडं राहिलं आहे. थोडं थांबा, होऊन जाईल. काळजी नसावी."

तुम्हीच वाचून पाहा. यात कर्ज फिटलं की नाही ते नाही. काय राहिलं ते नाही. कधी होईल ते नाही. आणि "काळजी नसावी" वाचल्यावर कोणाला काळजी लागणार नाही?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गुरुजी मोटारसायकलवर घरी आले. चार बोटांत इसारचिठ्ठीची झेरॉक्स. बसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मी ठेव मोडली. मुलीच्या नावाची होती. तुम्हाले भाव वाढून मिळाला का दुसरीकडे? सांगा तसं." मला बोलता येईना. त्यांना वाटलं होतं मी दुसरा गिऱ्हाईक धरला, कारण आमच्याकडे असं होतं, आणि ते करणारे लोक अशीच भाषा वापरतात: थांबा, होऊन जाईल. शिवाय त्यांना पाऊस लागायच्या आत नांगरट करायची होती. मेमध्ये वावर हातात आलं नाही तर खरिपाची मशागत राहते, आणि पेरणी एका वर्षानं मागे जाते.

सोमवारी, 29 ला, दुरुस्त पत्र घेऊन तलाठ्याकडे गेलो. त्यांनी फेरफार धरला, नंबर दिला, नोटीस काढली. पंधरा दिवस हरकतीचे, म्हणजे 14 मे. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. तिथेच बाकावर बसून गुरुजींना दुसरा मेसेज लिहिला. तो अजून फोनमध्ये आहे, जसाच्या तसा देतो:

"गुरुजी, नमस्कार. 5 मार्चच्या इसारचिठ्ठीप्रमाणे गट 87/2 ची रजिस्ट्री 30 एप्रिलला ठरली आहे. त्या तारखेला ती होणार नाही. कर्ज 18 एप्रिलला पूर्ण फिटलं, नील दाखल्याचा फोटो सोबत आहे. बँकेच्या पत्रात गट नंबर चुकला होता, त्यात दिवस गेले. बोजा कमी करण्याचा फेरफार आज धरला, नंबर आणि नोटिशीचा फोटो पाठवतो. हरकतीची मुदत 14 मेला संपते. रजिस्ट्रीसाठी 24 मे पर्यंत मुदत द्यावी. भाव, इसार, बाकी अटी आहेत तशाच. मुदतवाढीच्या कागदाचा खर्च माझा. नांगरट आत्ता सुरू करायची असेल तर माझी हरकत नाही, ताबा मात्र रजिस्ट्रीच्या दिवशीच. 24 पर्यंत सातबारा कोरा झाला नाही तर इसार परत देईन. मान्य असल्यास लिहून कळवा."

अर्ध्या तासात उत्तर आलं. "मान्य. 24 मे. नांगर उद्या लावतो."

यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, तारीख. माझ्या हिशोबानं 17 पर्यंत नोंद मंजूर होणार होती, आणि झालीही 17 लाच. पण मागितली 24. एकदाच मागायची आणि पुरेल इतकी मागायची. दुसऱ्यांदा मुदत मागणाऱ्याला गावात कोणी चहा विचारत नाही. फेरफाराची नोटीस "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर दिसते, हरकतीची शेवटची तारीख तिथेच असते. ती बघून पुढे दहा दिवस धरा.

दुसरी, नांगरटीचं वाक्य. तुम्ही थांबा म्हणताय तर समोरच्याचं काय अडतंय ते ओळखून काहीतरी सोडावं लागतं. पण "ताबा दिला" असे शब्द लिहू नका. ताबा देऊन केलेला करार मुद्रांकाच्या कायद्यात खरेदीखतासारखा धरतात आणि तसं शुल्क लागू शकतं. नांगर चालवू द्या, शब्द जपा.

मग आमच्या अर्जनवीसानं इसारचिठ्ठीला जोडून मुदतवाढीचा कागद केला. तेव्हा 100 चा स्टॅम्प चालला, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो. चार ओळींचं काम: जुनी तारीख, नवी तारीख, बाकी अटी कायम, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. 22 मेला रजिस्ट्री झाली.

जवाई अजूनही लग्नकार्यात म्हणतात, "गुरुजी भले म्हणून निभावलं. दुसरा असता तर त्याच मेसेजवर दुप्पट इसार वसूल केला असता." चूक. मुदत उलटली हे इसारचिठ्ठीतच दिसतं, त्याला माझ्या कबुलीची गरज काय? उलट करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे समोरचा मुदत वाढवून देऊ शकतो, आणि त्यानं ती दिली हे दाखवायला त्याचं "मान्य" माझ्याच कामाचं. तोंडी सांगितलं असतं तर काय दाखवलं असतं? गुरुजींचंही भलंच आहे, कारण ठरवून दिलेली तारीख असेल तर दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात, आणि नवी तारीख लेखी असली की वाद राहत नाही. मोघम मेसेजनं भांडण लागत होतं, लेखीनं मिटलं, एवढं सरळ आहे.

आता राहिलेलं. इसार परत देईन हे वाक्य पैसे हाताशी असतील तरच लिहा. माझ्या चारातले अडीच लाख बँकेत गेले होते, ते लिहिताना मी पुतण्याकडून हमी घेतली होती. तुमचा करार साध्या चिठ्ठीवर नसून रजिस्टर साठेखत असेल तर मुदतवाढही तिथेच करून घ्या, नुसत्या मेसेजवर राहू नका. काही जण नील दाखला जोडून बोजा असतानाच रजिस्ट्री उरकतात. घेणारा स्वतः कर्ज काढून घेत असेल तर त्याची बँक कोरा सातबाराच मागते, मग ते चालत नाही. त्यानं मुद्रांकाचं चलान भरलं आहे का हे मेसेजआधी विचारून घ्या. भरलं नसेल तर थांबायला सांगा, तेवढं तरी त्याचं वाचेल.

आणि तुमचं घरकर्ज असेल तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण ते वैयक्तिक कर्जांसाठी आहे, घरकर्ज त्यात येतं. पीककर्जवाले बँकेत जाऊन तो कागद आपटतात, त्यांना तो लागू नाही.

सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना मात्र आजच शेवटपर्यंत वाचा. 15 रुपयांत डिजिटल सहीचा निघतो. वडिलांच्या नावचा जुना सोसायटीचा बोजा फिटूनही तिथे बसून असतो आणि तो रजिस्ट्रीच्या दिवशीच सगळ्यांना दिसतो. आमच्या जवायांच्या सातबाऱ्यावर तसा एक आहे, मी स्वतः पाहिला. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. लेखी कळवीन.