गणपतीची रजा आणि व्हिसाची मुदतवाढ

ब्रिटनमधील तुमच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची मुदत ऑक्टोबरअखेर संपते, म्हणून मनुष्यबळ विभागाला जूनमध्येच ईमेल करा आणि त्यात मोघम ‘मदत हवी’ असे न लिहिता नवे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप मागा, कारण मुदतवाढीला जुने चालत नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे प्रत्यक्षात एक क्रमांक असतो आणि तो दिल्यापासून 3 महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्यासोबतचा तपशील मागवून पदनाम, व्यवसायाचा कोड आणि पगार स्वतः तपासा; माझ्या वेळी पगारवाढीपूर्वीचा आकडा पडला होता आणि दुरुस्तीत आठवडा गेला. आरोग्य अधिभार कोण भरणार, हेही लेखी विचारून घ्या.

आपल्या रत्नागिरीकरांची खरी अडचण चतुर्थीची असते. अर्ज केल्यावर निर्णयापूर्वी भारतात आलात, तर तो मागे घेतला असे धरले जाते. म्हणून रजेच्या तारखा त्याच ईमेलमध्ये कळवा: ‘मी सप्टेंबरमध्ये गावी जाऊन परतल्यावर अर्ज करेन, तरी क्रमांक ऑगस्टमध्ये द्यावा.’ जुलैच्या आरंभी मिळालेला क्रमांक ऑक्टोबरच्या आरंभीच बाद होईल. विसर्जनानंतर मात्र रेंगाळू नका. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी ब्रिटनमधूनच अर्ज गेला पाहिजे.