निकेल सोसत नाही, मग रोज अंगावर काय घालायचं?

प्रश्न: कानातल्याच्या दांडीला पारदर्शक नेलपॉलिश लावलं की निकेल बाधत नाही, हे खरं का?

दोन-चार दिवसांपुरतं. घामाने तो थर झिजतो, आणि झिजलेला दिसतही नाही. त्यावर विसंबू नका.

प्रश्न: 'निकेल-फ्री सर्जिकल स्टील' म्हणून टॉप्स घेतले. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. अर्धा तास घालून बसले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाळी सुजून पाणी सुटलं. असं कसं?

हाच प्रश्न माझ्याकडे सर्वाधिक वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते. चुंबकाचा तो प्रयोग दाखवणं बंद व्हायला हवं, कारण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. दागिन्यांचं नेहमीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही, ते बहुधा निकेलमुळेच. निकेल मिसळलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकाची ओढ जाते. ज्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, ते उलट चिकटतं. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला नकळत निकेल असल्याचीच खूण दाखवली.

'सर्जिकल स्टील' हे कुठल्या एका धातूचं नाव नाही. चांगल्या प्रतीचं असेल तर ते सहसा 316L असतं, आणि त्यात साधारण 10 ते 14 टक्के निकेल असतं. तरीही निकेलची ॲलर्जी असलेल्या अनेकांना ते सोसतं, कारण त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतं आणि निकेल आतच अडकून राहतं. त्वचेला बाधतं ते घामात विरघळून बाहेर आलेलं निकेल. म्हणूनच युरोपचा नियम धातूत निकेल किती आहे हे न मोजता बाहेर किती पडतं ते मोजतो. त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा आहे आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी त्याहून कडक, 0.2.

अडचण अशी, की 303 सारखं स्टीलही तितकंच चकचकीत दिसतं. लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं. त्यामुळे तो संरक्षक थर कमजोर होतो आणि निकेल जास्त सुटतं. डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही. बिलावर प्रत लिहून मिळत नसेल, तर तो माल तुमच्यासाठी नाही.

अर्धा तास घालून पाहण्यालाही काही अर्थ नव्हता. ही ॲलर्जी उशिराने उठणारी आहे: शरीरातल्या पेशी निकेल ओळखून त्या जागी जमायला एक ते तीन दिवस घेतात. तुमचा तिसरा दिवस त्यात बरोबर बसतो. टॉप्स काढा, पुन्हा घालून 'बघू' नका. पू, ताप किंवा कानाच्या वरच्या कडक भागाला सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना टॉप्स पिशवीत घालून सोबत न्या.

प्रश्न: मी फक्त हॉलमार्कची चांदी घालते. तरी कान खाजतो. मला चांदीचीही ॲलर्जी आहे का?

शुद्ध चांदीची ॲलर्जी फार क्वचित दिसते. 925 चांदीत उरलेला साडेसात टक्के भाग बहुधा तांब्याचा असतो. तेव्हा आधी एक बघा: खाज नेमकी कुठे आहे?

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. झुमके हॉलमार्कचे, ओळखीच्या सराफाकडचे. पाळीची पुढची बाजू अगदी स्वच्छ, मागे मात्र बटणाएवढा ओला, खवल्यांचा चट्टा. कापसाच्या बोळ्यावर डायमिथाइलग्लायॉक्सिम आणि अमोनियाचे थेंब घेऊन झुमका आणि दांडी घासली, रंग आला नाही. फिरकी घासली तर बोळा गुलाबी झाला, म्हणजे निकेल सुटत होतं. मूळ फिरकी हरवली होती आणि बदली फिरकी सुट्या पाकिटातली होती. पॅच टेस्टमध्ये निकेलची ॲलर्जी पक्की झाली. फिरकी चांदीची घेतली, मलम दिलं, आणि काही आठवड्यांत चट्टा गेला. झुमके आजही वापरात आहेत.

बोळा गुलाबी झाला नाही म्हणून वस्तू निर्धोक ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. अगदी थोडं निकेल या चाचणीत सुटून जातं.

आणखी दोन जागा तपासा. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे आणि 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकले जाणारे कितीतरी दागिने त्याचेच असतात. हे नाव चांदीच्या रांगेत मांडून विकणं मला सरळ फसवणूक वाटते. दुसरं, ऱ्होडियमचा चकचकीत मुलामा दिलेल्या चांदीत कधीकधी मुलाम्याखाली निकेलचा थर असतो. मुलामा नसलेली चांदी मागा. ती काळी पडेल, पण घासली की उजळते.

प्रश्न: रक्त तपासून निकेलची ॲलर्जी कळते का? लॅबचं मोठं पॅकेज आहे.

नाही, पैसे वाचवा. यासाठी पॅच टेस्ट लागते: पाठीवर पट्ट्या 48 तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर निकाल चुकेल.

प्रश्न: मला निकेल बाधतं. मुलीचे कान टोचायचे आहेत. चांदी, स्टील की टायटॅनियम?

टायटॅनियम, F136 प्रतीचं. त्यात निकेल मिसळलेलं नसतं. ताज्या भोकात त्वचेचं कवच नसतं, धातू थेट आतल्या ओलाव्याला लागतो, म्हणून 316L सुद्धा मी इथे नको म्हणते. नव्या भोकात चांदीही नको, तिचे काळे डाग त्वचेत कायमचे राहू शकतात. घरच्या सोनाराकडून 22 कॅरेटच्या सोन्याच्या तारेने टोचलंत तरी हरकत नाही, मात्र हात आणि सुई निर्जंतुक हवी. जखम भरेपर्यंत, म्हणजे निदान सहा ते आठ आठवडे, फॅन्सी कानातलं घालू नका. मुलीला इसब असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: टायटॅनियमची अंगठी घ्यावी म्हणते, पण सोनार म्हणतो त्यात काम होत नाही. मग काय करू?

सोनार खरं सांगतोय. टायटॅनियम उघड्या ज्योतीवर तापवलं की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, त्यामुळे नेहमीसारखा डाक लागत नाही आणि अंगठी लहान-मोठी करणं जवळजवळ अशक्य असतं. माप सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा घ्या आणि मगच मागवा. निळे-जांभळे रंग चालतील, ते टायटॅनियमच्याच ऑक्साइडचे असतात. 'टायटॅनियम कोटेड' मात्र नको, आत दुसराच धातू असतो. बिलावर ग्रेड 2 किंवा ग्रेड 23 लिहून घ्या. चष्म्याची वाकवली तरी सरळ होणारी 'टायटॅनियम' फ्रेम बघत असाल तर सावध राहा, ती निकेल-टायटॅनियमची असू शकते आणि त्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं.

पण अंगठीखाली आत्ता चट्टा असेल, तर खरेदी थांबवा. तिथे अडकलेला साबण आणि ओल यांनीही हुबेहूब असाच चट्टा उठतो, आणि तो धातू बदलून जात नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.