हप्ता तोच राहिला, मुदत मात्र वाढली

*एप्रिल 2021 मध्ये 40 लाखांचं गृहकर्ज घेतलं. 20 वर्षं, व्याज तेव्हा 7 टक्के, हप्ता 31 हजार. मध्ये सगळ्यांचे व्याजदर वाढले, पण आमच्या बँकेने हप्ता एक रुपयाही वाढवला नाही. पाच वर्षांत 18.6 लाख भरले आणि बाकी अजून 37.9 लाख! बँक आधी नुसतं व्याज कापून घेते का? सध्या दर 8.25 टक्के आहे. दुसरी बँक 7.5 टक्क्यांनी 25 वर्षांसाठी देतेय, हप्ता 28 हजार. वाचलेल्या 3 हजारांत एजंट विमा पॉलिसी सुचवतोय, तिच्या पैशातून शेवटी कर्ज फिटेल म्हणतो. घेऊ का? वय 38, हातात पगार 92 हजार, निवृत्ती 58 ला.*
*— एक वाचक, सांगली*

बँक व्याज आधी कापून घेत नाही. दर महिन्याला जेवढी बाकी असते, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं. 40 लाखांवर 7 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज झालं सुमारे 23,300. तुमच्या 31 हजारांतून ते गेलं आणि उरलेले 7,700 मुद्दलात जमा झाले. पुढच्या महिन्यात बाकी 7,700 ने कमी, म्हणून व्याज 45 रुपयांनी कमी आणि मुद्दलात तेवढे जास्त. सुरुवातीला हा फरक किरकोळ वाटतो, पण तो दर महिन्याला वाढत जातो. दर 7 टक्केच राहिला असता तर साधारण दहा वर्षांनी हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा झाला असता.

पण या हिशोबानेही पाच वर्षांत साडेपाच लाख मुद्दल फिटायला हवं होतं. तुमचं फिटलं फक्त दोन लाख दहा हजार. मग बाकीचे साडेतीन लाख कुठे गेले?

ज्या गोष्टीसाठी तुम्ही बँकेचं कौतुक करताय, तिथेच ते गेले. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तुमचं कर्ज त्या दराला जोडलेलं असणार, म्हणजे ते 7 वरून साडेनऊवर गेलं. तेव्हा बाकी होती सुमारे साडेअडतीस लाख आणि तिचं महिन्याचं व्याज 30,400. तुमच्या 31 हजारांतून मुद्दलात जात होते जेमतेम सहाशे रुपये. दर पुन्हा उतरायला 2025 उजाडलं, तोवर जवळपास दोन वर्षं तुम्ही बँकेला नुसतं व्याज देत होतात. हप्ता वाढवला नाही म्हणजे बँकेने मुदत वाढवली. आजच्या 8.25 टक्क्यांनी आणि 31 हजारांनी हे कर्ज फिटायला अजून 22 वर्षं लागतील. वीस वर्षांचं कर्ज पाच वर्षं फेडलंत आणि उरली आहेत बावीस. कर्जाच्या खातेउताऱ्यात ‘उर्वरित हप्ते’ हा आकडा असतो, तो आजच बघा.

आता दुसऱ्या बँकेचं. 28 हजार गुणिले 300 महिने म्हणजे 84 लाख. आहे तिथेच राहिलात तर 31 हजारांनी 268 महिने, म्हणजे 83 लाख. दर पाऊण टक्क्याने खाली येऊनही तुम्ही एक लाख जास्तच भरणार आणि वयाच्या 63 पर्यंत फेडत बसणार. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि मुद्रांक शुल्क वेगळं. फक्त हप्ता दाखवून कर्ज विकणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

पॉलिसीला साफ नाही म्हणा. बचतीच्या पॉलिसीत हातात साधारण पाच-सहा टक्के पडतात. साडेसात टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून सहा टक्क्यांच्या आशेवर पैसे अडकवणं हा शुद्ध तोटा आहे. ‘शेवटी कर्ज फिटेल’ असं त्या एजंटने कागदावर लिहून दिलंय का? कर्जाएवढं संरक्षण हवंच, पण त्यासाठी साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा.

तुम्हाला खरी गरज आहे ती हप्ता वाढवण्याची. उरलेलं कर्ज 15 वर्षांतच संपवायचं ठरवा, म्हणजे तुम्ही 53 चे असाल. आजच्या दराने त्याला 36,800 लागतात आणि एकूण भरणा होतो 66 लाख. नव्या बँकेने 7.5 टक्के याच 15 वर्षांसाठी दिले तर हप्ता 35,100 आणि एकूण 63 लाख. 84 लाखांशी तुलना करा: 21 लाखांचा फरक, आणि त्यासाठी आजच्यापेक्षा महिन्याला चार हजार जास्त. 92 हजारांच्या पगारात ते बसतात.

मात्र आधी स्वतःच्या बँकेत जा. नवीन ग्राहकाला मिळतो तो दर मलाही द्या, असा लेखी अर्ज करा. बहुतेक बँका थोडं शुल्क घेऊन देतात आणि त्यात कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याची कागदपत्रं टळतात. त्याच अर्जात मुदत 180 महिने करून हप्ता वाढवून मागा. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट 2023 चं परिपत्रक सांगतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याला दंड नाही, त्यामुळे बोनस आला की त्यातला भाग थेट मुद्दलात टाका आणि ‘मुदत कमी करा, हप्ता नको’ हे दर वेळी लेखी द्या. तसं सांगितलं नाही तर काही बँका हप्ताच कमी करून ठेवतात.