स्तनातल्या गाठीचं रेफरल पत्र

पत्राच्या पहिल्याच वाक्यात संशय स्पष्ट लिहा: "वय ५२, उजव्या स्तनात दोन महिन्यांपासून वाढणारी, न दुखणारी गाठ, कॅन्सरची शंका, तातडीने तपासावे." नुसतं "गाठ आहे, कृपया पाहावे" असं लिहिलं तर अपॉइंटमेंट देणाऱ्याला घाई कळत नाही.

मग हाताला जे लागलं ते लिहा. घड्याळाच्या दहाच्या जागी, स्तनाग्रापासून ४ सेंमीवर, अंदाजे ३ सेंमीची, कडक, कडा अनियमित. त्वचा ओढली गेली आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, काखेत गाठी लागतात का, हेही लिहा. नसेल तर "काखेत गाठी नाहीत" असं लिहाच. मोकळी जागा सोडली तर तुम्ही काख तपासली की नाही, हेच समजत नाही.

आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, पाळी कधी गेली, हे दोन ओळींत पुरे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र डोससकट लिहा. बायोप्सीआधी ती माहिती लागते. सोनोग्राफी-मॅमोग्राफीचे रिपोर्ट जोडा, पण त्यांच्यासाठी पत्र अडवू नका.

शेवटी, पेशंटला तुम्ही काय सांगितलंय ते कळवा. "कॅन्सर" हा शब्द त्यांनी तिथे पहिल्यांदा ऐकायला नको.