कडक ऊन म्हणजे जास्त वीज?

प्रश्न: दादा, आमच्या विदर्भातल्या उन्हात सोलर पॅनल सगळ्यात जास्त वीज देईल ना?

उत्तर: नाही रे. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धर, म्हणजे २५ च्या वर वाढलेल्या ४० अंशांना १४ टक्के. तीन किलोवॉटचे अडीचच्या आसपास उरतात. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नकोस, खालून वारा खेळलाच पाहिजे.

प्रश्न: मग पावसाळ्यात बंद?

उत्तर: बंद नाही, कमी. ढगांतूनही उजेड येतो. स्वच्छ, थंड जानेवारीतली दुपार मात्र मीटरवर जरूर बघ.