प्यायल्यावर गोड बोलणारा माणूस पहाटे चारला का बिघडतो

"मॅडम, ह्यांना शुगरची गोळी चालू आहे. शनिवारी घेतात थोडी. रात्री घामाने अंथरूण भिजतं, काहीतरी बरळतात, हात लावला तर ढकलतात, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. दारू जास्त होते म्हणूनच ना हे?"

हा प्रश्न मला इतक्या बायकांनी विचारलाय की आता मी आधी गोळीचं नाव विचारते आणि मग बाकीचं. दापोली-हर्णै पट्ट्यात बंदरावरच्या घरांतून तर हमखास. एका जोडप्याची गोष्ट सांगते, म्हणजे नीट समजेल. ओळखीच्या खुणा सगळ्या बदलल्यात.

दादा पन्नाशी ओलांडलेले, आधी बोटीवर तांडेल, आता बोटींना बर्फ पुरवायचा धंदा. वहिनी माझ्याकडे आल्या त्या व्यसनाची तक्रार घेऊन, नवऱ्याला जवळजवळ ओढतच. पहिल्या दिवशी दोघांचं जे चाललं ते सगळ्या घरांत चालतं तेच, ती म्हणते सोडा, तो म्हणतो आठवड्यातून एकदा घेतो त्यात काय एवढं, आणि दोघं मिळून माझ्याकडे बघतात, जसं काही मी निकाल देणार आहे. मी निकाल देत नाही. माणसाला एकट्याला बसवून उपदेश करण्यापेक्षा घरात त्या रात्री नक्की काय घडतं ते तासातासाने ऐकून घेणं मला जास्त उपयोगी वाटतं. काही सहकारी हसतात याला, म्हणतात मॅडम पंचनामा करतात. करते बरं.

तर पंचनामा असा. शनिवारी दुपारभर बर्फाच्या लाद्या उचलायच्या, जेवण धड नाही. रात्री आठला जेवणाआधीची गोळी, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि त्यातच मेटफॉर्मिन. मग मित्रांबरोबर व्हिस्कीची क्वार्टर, कधी थोडी जास्त. चाखणा म्हणजे तळलेला बांगडा, अंडी, शेंगदाणे. साडेदहाला घरी आले की वहिनी ताट वाढतात आणि दादा म्हणतात भात नको.

"भात का नको?" मी विचारलं.

"शुगर आहे ना मला. दारूने आधीच वाढली असणार, वर भात कशाला?"

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय काय सांगू. अगदी प्रामाणिकपणे पथ्य पाळत होता तो माणूस! गोळी वेळेवर आणि भात बंद. घात तिथेच होत होता.

मग वहिनींना विचारलं की बरळतात ते किती वाजता. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "तशी गंमतच आहे मॅडम. पिऊन आले की काय नसतं. गोड बोलतात, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतात, झोपतात. पहाटे चारच्या सुमाराला बिघडतात."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "वहिनी, साडेदहाला जेवढी चढलेली असते त्यापेक्षा चारला कमी असायला हवी ना? उतरायच्या वेळेला माणूस जास्त झिंगलेला कसा?"

दोघंही गप्प. मग दादाच म्हणाले, "खरंच की ओ. हा विचारच केला नाही कधी."

मला वाटतं त्या एका प्रश्नाने जेवढं काम झालं तेवढं दहा वेळा दारू सोडा म्हणून झालं नसतं. तोपर्यंत त्या घरात पहाटेचा घाम, बरळणं, ढकलणं हे सगळं दारूच्या खात्यात जमा होत होतं, आणि वहिनी रागाने कूस बदलून झोपत होत्या, कधी उठून माजघरात जात होत्या. दारुड्याला काय सारखं सारखं उठवायचं. पण शुगर खाली गेली की माणूस अगदी प्यायल्यासारखाच दिसतो. जीभ जड होते, हात थरथरतात, चिडतो, ऐकत नाही, ओळखही पटत नाही कधीकधी. आणि तोंडाला वास असला की कोणाच्या मनात दुसरी शंका येतच नाही.

आतमध्ये काय होतं ते मी दादांना असं सांगितलं. घराच्या टाकीत पाणी असतं आणि टाकी भरायला पंप असतो. आपल्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो ती टाकी, आणि रात्री उपाशीपोटी लिव्हर नवीन साखर बनवत राहतं तो पंप. दारू आली की लिव्हर ती निस्तरायच्या मागे लागतं आणि नवीन साखर बनवायचं काम अडतं. पंप बंद. सुरुवातीला कळत नाही कारण टाकीत पाणी असतं. पण दुपारभर लाद्या उचलून, नीट न जेवता टाकी आधीच अर्धी झालेली, त्यात भात नाही म्हणजे वरून भर नाही, आणि ग्लिमेपिराइड तर पोटात अन्न असो नसो स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतच राहते, म्हणजे नळ उघडाच. टाकी रिकामी व्हायला काही तास लागतात, म्हणून बारा वाजता काही होत नाही, चारला होतं. कधी दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, रिकाम्या पोटी परत गोळी घेऊन माणूस कामाला गेला की. हा धोका पिण्यानंतर चोवीस तासांपर्यंतही राहू शकतो.

दादा ऐकत होते. मग खाली बघत म्हणाले, "डॉक्टरांना मी कधी सांगितलं नाही घेतो म्हणून."

हे दुसरं कुलूप. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट जास्त आली म्हणून डॉक्टरांनी आदल्या वर्षी ग्लिमेपिराइड १ ची २ केली होती. सरासरीत पहाटेचे खड्डे दिसत नाहीत. डॉक्टर बिचारे न पिणाऱ्या, रोज दोन वेळा भात खाणाऱ्या माणसाचा डोस ठरवत होते आणि गोळी खात होता हा. मी दोघांना सांगितलं की याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, खरं सांगा, आणि तोपर्यंत एक थेंबही नको. घरी शुगर मोजायचं मशीन होतं, कपाटात. पट्ट्यांची तारीख उलटून गेलेली. नवीन आणायला लावल्या.

आता तुम्ही म्हणाल दादा डॉक्टरांकडे गेले. नाही गेले. शिमगा आला. पालखी घरोघर फिरत होती, मुंबईचे चाकरमानी आलेले, दादा पालखी नाचवायला नेहमी पुढे. रात्रभर नाचणं म्हणजे वर आणखी श्रम.

पण यावेळी वहिनींनी कूस बदलली नाही. पहाटे घाम बघितला आणि बोट टोचलं. ४६. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात, हे त्यांना माहीत होतं. दादा गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७४. बिस्किटं दिली. सगळ्यांना वाटलं सुटलो. पण त्या परत उठल्या तासाभराने, आणि मशीन ५८ दाखवत होतं.

इथे मला वहिनींचं फार कौतुक वाटतं, कारण बहुतेक घरं पहिल्या ७४ ला झोपून जातात. या जातीच्या गोळ्यांचा असर लांबतो, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, आणि सगळ्यात जास्त जुनी ग्लिबेनक्लामाइड. साखर पाजून वर आलेली शुगर परत घसरते, पुन्हा पुन्हा. म्हणून अशा माणसाला दवाखान्यात ठेवून निदान दिवसभर तरी मोजत राहावं लागतं. वहिनींनी मुलाला उठवलं, गाडी काढली, तालुक्याला नेलं. दिवसभर ग्लुकोजचं सलाइन. आणि तिथे मुलासमोरच दादांनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. एकट्याने दिली तर शुगर सहसा इतकी खाली नेत नाहीत अशाही गोळ्या असतात, कोणाला कुठली द्यायची ते त्यांनीच ठरवायचं. मेटफॉर्मिनही भरपूर दारूबरोबर बरं नाही हेही त्यांनी सांगितलं. किडनीची तपासणी करून घेतली, कारण किडनी थकलेली असली की गोळी अंगात जास्त वेळ राहते.

माझ्याकडे परत आले तेव्हा दादांचा प्रश्न सरळ होता. "म्हणजे कायमची बंद?"

म्हटलं, "बंद केलीत तर सगळ्यात बरं. नाही केलीत तर काय करणार ते आत्ता वहिनींसमोर बोला." मग दोघांनी घासाघीस करून ठरवलं. रिकाम्या पोटी नाही, आधी भात किंवा भाकरी पोटात. दोन पेगच्या वर नाही आणि पेग म्हणजे ३० मिली, हाताच्या अंदाजाने ओतलेला नाही. श्रमाच्या दिवशी अजिबात नाही. झोपताना मोजायचं, शंभरच्या खाली असेल तर खाऊनच झोपायचं. आणि झोपताना चांगली आली म्हणून निर्धास्त राहायचं नाही, विशेषतः कोल्ड्रिंक घालून प्यायलेली असेल तर, कारण तो गोडवा रात्री आकडा वर दाखवतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. म्हणून तीनचा गजर. गजर वहिनींच्या नाही, दादांच्या फोनवर लावायचा, यावर मी जरा अडून बसले.

बाकी ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांच्यासाठी. रात्री मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांना, ते ३०/७० वालं, हा धोका तसाच असतो, कारण त्यातला मोठा भाग मध्यरात्रीनंतर जोरात असतो. पण आज प्यायलो म्हणून इंजेक्शनच चुकवायचं असं स्वतः ठरवू नका, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांना तर ते जिवावर बेतू शकतं. डोसचं डॉक्टरांशीच बोला. बोलताना "कधीतरी घेतो" एवढंच नका सांगू. किती, किती वाजता, बरोबर काय खाल्लं, गोळी किंवा सुई किती वाजता घेतली आणि त्या दिवशी अंगमेहनत किती झाली, हे पाच सांगा. आणि बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, त्यातल्या काही गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा येतो.

पहाटे माणूस हाक मारून उठत नसेल तर तोंडात साखर, पाणी, मध काहीही घालू नका, घशात अडकेल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. लावताना आधी सांगा की डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे. दारू प्यायलेत हे त्यानंतर. उलट क्रमाने सांगितलं तर ऐकणाराही म्हणतो, झोपू दे त्याला, सकाळी उतरेल.