पाच डेस्कटॉपचं कोटेशन: ६०,००० रुपयांचा फरक खरा किती?

प्रश्न: सांगलीत माझी औषधांची घाऊक एजन्सी आहे. ऑफिसमधले पाचही कॉम्प्युटर विंडोज १० वरचे, जुने झालेत. दोन दुकानदारांना ‘पाच डेस्कटॉप आणि मॉनिटरचं कोटेशन पाठवा’ असा ईमेल केला. एकाने सेटला ४२,००० सांगितले, जीएसटी वेगळा. दुसऱ्याने ५४,००० सांगितले, सगळं धरून, आणि वर बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. चालू खात्यात साडेचार लाख आहेत, पगार-भाडं मिळून महिन्याचा खर्च १,१०,०००. स्वस्तातले घेऊन ६०,००० वाचवू का?

उत्तर: आज कोणालाच ऑर्डर देऊ नका. मशीन बदलायची गरज खरी आहे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबली आणि तुमचं सगळं येणं-देणं त्याच मशीनवर आहे. पण ६०,००० हा आकडा खरा नाही.

आधी दोन्ही दर एका पातळीवर आणू. पहिल्याचे पाच सेट म्हणजे २,१०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७,८००, म्हणजे २,४७,८००. दुसऱ्याच्या २,७०,००० मध्ये जीएसटी आहेच, तो ४१,१८६ होतो आणि मूळ किंमत उरते २,२८,८१४. तुमची नोंदणी नियमित असेल तर हा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून परत वळतो, म्हणून तुमच्यासाठी तुलना मूळ किमतींचीच: २,१०,००० विरुद्ध २,२८,८१४. फरक १८,८१४, म्हणजे सेटमागे साधारण ३,७६० रुपये. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही, तेव्हा फरक २२,२०० धरा. दोन्ही हिशेबांत ६०,००० कुठेच दिसत नाहीत.

आता प्रश्न असा की ३,७६० रुपयांत काय कमी दिलंय? हे तुम्हाला सांगता येत नाही, कारण तुमच्या ईमेलने ते विचारलंच नाही. पहिल्याच्या दरात विंडोजचं लायसन्स नसेल, तर एका मशीनचं अस्सल लायसन्स स्वतंत्र घ्यायला याहून बरेच जास्त पैसे लागतात आणि स्वस्त वाटणारा सेट तिथेच महाग होतो. रॅम १६ ऐवजी ८ जीबी असेल, वॉरंटी तीन वर्षांऐवजी एकच असेल, तरी तेच. ‘आय५ आहे’ एवढ्यावरही जाऊ नका. आय५ नावाचे प्रोसेसर २००९ पासून निघताहेत. सहाव्या-सातव्या पिढीचं रिफर्बिश्ड मशीनही आय५च असतं, पण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो.

म्हणून दोघांना, आणि जमलं तर तिसऱ्या एकालाही, हाच ईमेल जसाच्या तसा पाठवा. तुमचं काम बिलिंग, एक्सेल आणि ब्राउझर एवढंच आहे असं धरून मी तो लिहिला आहे.

> विषय: पाच डेस्कटॉप व मॉनिटरचे कोटेशन
>
> नमस्कार,
>
> आमच्या ऑफिससाठी पाच नवीन डेस्कटॉप व पाच मॉनिटर घ्यायचे आहेत. वापर बिलिंग सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ब्राउझर एवढाच आहे. पाचपैकी एका मशीनवर बिलिंगचा डेटा राहील, बाकी चार त्याला नेटवर्कने जोडलेली असतील.
>
> डेस्कटॉप: इंटेल कोअर आय३, १३ वी पिढी किंवा पुढची, अथवा त्याच तोडीचा एएमडी रायझेन. रॅम १६ जीबी, पुढे वाढवण्यासाठी एक स्लॉट रिकामा. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. गिगाबिट लॅन. वायरचा कीबोर्ड व माउस.
>
> डेटाच्या मशीनला याशिवाय: बॅकअपसाठी वेगळी १ टीबी डिस्क आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी पॅरलल पोर्ट किंवा त्याचे कार्ड.
>
> विंडोज: डेटाच्या मशीनवर विंडोज ११ प्रो, बाकी चारवर विंडोज ११ होम. सर्व लायसन्स अस्सल आणि बिलात नमूद केलेली.
>
> मॉनिटर: २१.५ ते २४ इंच, फुल एचडी, आयपीएस पॅनेल, डेस्कटॉपला जुळणाऱ्या केबलसह.
>
> वॉरंटी: डेस्कटॉप व मॉनिटर दोन्हींना तीन वर्षे, ऑफिसमध्ये येऊन दुरुस्ती. तक्रारीनंतर माणूस किती वेळात येईल आणि सेवा कंपनी देईल की आपण, हे लिहावे.
>
> कृपया प्रत्येक वस्तूचे मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मूळ दर आणि जीएसटी वेगवेगळे दाखवावेत. यूपीएसचा दर स्वतंत्र ओळीत द्यावा. वाहतूक, जोडणी आणि जुन्या मशीनवरचा डेटा हलवणे दरात धरले आहे का, ते कळवावे. एकरकमी पैसे दिल्यास आणि हप्त्याने दिल्यास, असे दोन्ही दर द्यावेत.
>
> बिल फर्मच्या नावाने, आमच्या जीएसटी क्रमांकासह लागेल व त्यावर प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर हवा. आपला जीएसटी क्रमांक, माल मिळण्याचा कालावधी आणि कोटेशन किती दिवस वैध राहील, हेही लिहावे.
>
> आपला,

यातल्या काही गोष्टी मी मुद्दाम घातल्या आहेत. औषधांच्या बऱ्याच एजन्सींत बिलं अजून डॉट मॅट्रिक्सवर निघतात. तुमचा प्रिंटर जुना असेल आणि त्याला फक्त पॅरलल केबल असेल, तर हल्लीच्या बऱ्याच मशीनना ते पोर्टच नसतं. कॅबिनेट लहान असेल तर कार्डही कमी उंचीचं लागतं. प्रिंटर यूएसबीवर चालत असेल तर ती ओळ काढून टाका. प्रो मी एकाच मशीनवर मागितलं, कारण घरून त्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने यायचं तर तिथे प्रो लागतं. बाकी चौघांना होम पुरतं. पाचही मशीनवर प्रो घेऊन पैसे गुंतवण्याची गरज मला दिसत नाही.

वॉरंटीची ओळ मात्र सोडू नका. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि बहुतेकदा भाग आपणच दुकानात न्यायचा असतो. चार मशीनपैकी एक बंद पडलं तर चालतं, पण डेटाचं मशीन बंद पडलं की पाचही जागी बिलिंग थांबतं. तेव्हा सगळे असेंबल्ड घ्यायचं ठरलं, तरी ते एक मशीन घरपोच सेवेचंच घ्या.

वेगळ्या ओळींतले मूळ दर आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक हे तुमच्या क्रेडिटसाठी. विक्रेत्याने विवरणपत्रात तुमचं बिल दाखवलं, तरच ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटतं. जीएसटी पोर्टलवर त्याचा क्रमांक टाकून तो विवरणपत्रं वेळेवर भरतो का, हे ऑर्डरआधी पाहून घ्या. पहिला दुकानदार ती भरत नसेल आणि त्याच्याकडून घेतलंत, तर ३७,८०० अडकतील आणि १८,००० ची बचत त्यातच जाईल.

तुमच्या धंद्यात आणखी एक बाब आहे. औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश ५ टक्के झाला. खरेदीवरचं क्रेडिट वजा जाता तुम्ही महिन्याला रोख भरता ती रक्कम लहानच असणार. समजा ती १५,००० आहे, तर कॉम्प्युटरवरचं ४१,१८६ चं क्रेडिट जिरायला तीन महिने लागतील. क्रेडिट बुडत नाही, पण पहिल्याच महिन्यात ते हातात आल्यासारखं धरू नका.

आयकराचा भाग छोटा आहे. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो आणि तो मूळ किमतीवरच धरायचा, कारण जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेतलं आहे. २,२८,८१४ वर पहिल्या वर्षाचा घसारा ९१,५२६ होतो. मशीन आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांनंतर सुरू केलं, तर त्या वर्षी निम्माच. ही सवलत नंतरच्या वर्षांत भरून निघते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी घाई करू नका. पैसे बँकेतूनच द्या. एका दिवसात एका विक्रेत्याला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर त्या खर्चावर घसारा मिळत नाही. अनुमानित पद्धतीने कर भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही.

हप्त्यांचं बघू. २,७०,००० एकदम दिले तर खात्यात १,८०,००० उरतील, म्हणजे दीड महिन्याचा खर्च. घाऊक औषधवाल्याला हे तोकडं आहे. केमिस्टकडची वसुली पंधरा दिवस लांबली तर कंपन्यांची देणी अडतात. म्हणून हप्ते मला चुकीचे वाटत नाहीत, पण ते खरंच बिनव्याजी आहेत का, हे तुमच्या नव्या ईमेलमधल्या दोन दरांतून कळेल. समजा तो एकरकमीला २,५८,००० म्हणाला आणि हप्ता २२,५०० चा. मग १२,००० हेच व्याज. कर्ज दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे हा दर वर्षाला सुमारे साडेआठ टक्के पडतो. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असेल तर त्यात मिळवा. हा दर तुमच्या कॅश क्रेडिटच्या दराहून कमी असेल तर हप्ते घ्या. सूट १२,००० पेक्षा मोठी निघाली तर तीन मशीन आत्ता एकरकमी पैसे देऊन घ्या आणि उरलेली दोन मशीन चार महिन्यांनंतर. मात्र तोच दर तेव्हाही मिळेल असं गृहीत धरू नका, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव हलते असतात.

माल आल्यावर शेवटचा चेक देण्याआधी प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
slmgr /dli
```

चौकटीत OEM किंवा RETAIL हा शब्द दिसला पाहिजे. VOLUME_KMSCLIENT किंवा VOLUME_MAK दिसलं तर ते मोठ्या संस्थांच्या एकत्रित लायसन्सचं विंडोज आहे. तुमच्या फर्मचा तसा करार नसेल तर ते लायसन्स तुमचं नाही, बिलात काहीही लिहिलेलं असो. त्यानंतर प्रोसेसरचा क्रमांक, रॅम आणि सिरियल नंबर बिलाशी पडताळा. आगाऊ रक्कम तीस टक्क्यांवर जाऊ देऊ नका, उरलेली या पडताळणीनंतर द्या. हप्त्यांवर घेतलंत तर फायनान्सच्या कागदांवर सहीही पडताळणीनंतरच करा.

आज हातात असलेल्या माहितीवर माझा कल दुसऱ्या दुकानदाराकडे आहे. नव्या कोटेशनमध्ये पहिल्याने अस्सल विंडोज, १६ जीबी रॅम आणि तीन वर्षांची घरपोच वॉरंटी देऊनही मूळ दर ४२,००० च ठेवला, तर मात्र त्याच्याकडूनच घ्या.